अठ्ठेचाळीस नाही तर नाही

आमच्या सोसायटीच्या बायलॉजच्या नव्या मसुद्यात कलम ६३ असं छापून आलंय: "हेच वर ३९ मध्ये आहे, यातलं एक काढा." मी समासात पेन्सिलीने लिहिलेली टीप टायपिस्टने कलम समजून रीतसर क्रमांक देऊन बसवली आणि कमिटीने न वाचता घरोघरी वाटली. आता लिफ्टमध्ये लोक विचारतात, "अहो, ६३ प्रमाणे नक्की काय काढायचं?" मी हसतो. हसण्यापलीकडे लिफ्टमध्ये फारसं काही करता येत नाही.

तेव्हा कोणावर मसुदा तपासायची ही पाळी आलीच तर टायपिस्टकडे जाणाऱ्या प्रतीवर फक्त टाइप व्हायचा मजकूर लिहावा. शंका, प्रश्न आणि संताप यांच्यासाठी वेगळा कागद घ्यावा. त्यावर चार रकाने आखावेत: पान, ओळ, काय आहे, काय हवं. शंका कमिटीने सोडवायच्या असतात, टायपिस्टने नव्हे. पण कमिटीला हे काम म्हणजे शुद्धलेखन वाटतं. "तुमचं मराठी चांगलंय, जरा नजर टाका," असं म्हणून ते गठ्ठा देतात. ऱ्हस्व-दीर्घाने आजवर कुठलीही सोसायटी बुडालेली नाही. बुडते ती आकड्यांनी.

म्हणून पहिल्या फेरीत मजकूर वाचायचाच नाही. पट्टी समासाला लावायची आणि नुसते क्रमांक कोऱ्या कागदावर उतरवत जायचं. मजकूर वाचायला लागलं की डोळा क्रमांक आपोआप जुळवून घेतो. आमच्या मसुद्यात ४७ नंतर थेट ४९ होतं, आणि ९१ नंतर ९३. हे दोन खड्डे दिसायला सारखे असले तरी त्यांची जात वेगळी. एकात कलमच गळालेलं असतं, दुसऱ्यात नुसता आकडा. ओळखायची खूण अशी की गळालेल्या क्रमांकाचा उल्लेख इतर कलमांत शोधायचा. कॉम्प्युटरवर शोधणार असाल तर ४८ हा आकडा मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा टाकावा लागतो, कारण अर्धी फाइल एकाने टाइप केलेली असते आणि अर्धी दुसऱ्याने. ९२ चा उल्लेख कुठेच सापडला नाही, शिवाय नोंदणीकृत जुन्या प्रतीशी ताडल्यावर मजकूरही सलग निघाला. म्हणजे तिथे फक्त आकडा सांडला होता. ४८ मात्र ७१ मध्ये सापडला: "कलम ४८ मध्ये ठरविलेल्या दराने व्याज." जुन्या प्रतीत ४८ नव्या पानाच्या डोक्यावर सुरू होतं, आणि झेरॉक्स काढताना ते पानच वगळलं गेलं होतं. ४९ सुरू व्हायचं ते पुढच्या पानावर.

एवढं मी कमिटीच्या बैठकीत सांगितलं. तिथे तळमजल्यावरचे एक काका बसले होते. कमिटीत नाहीत, पण चहाला असतात.

"नाही तर नाही," काका म्हणाले. "अठ्ठेचाळीसवाचून कोणाचं अडलंय?"

"काका, एकाहत्तरमध्ये त्याचा उल्लेख आहे."

"मग एकाहत्तर काढा."

"त्र्याऐंशीमध्ये एकाहत्तरचा उल्लेख आहे."

"तेही काढा. एकूणच कलमं फार झालीत. आमच्या चाळीत एकच नियम होता, पाणी आलं की भरायचं. चाळीस वर्षं भांडण नाही."

"चाळीत भांडण नव्हतं?"

"नियमावरून नव्हतं. आणि मला सांगा, जे कलम नाहीच ते कोणी मोडेल कसं? शंभर टक्के पालन होणारं हे एकमेव कलम. मी तर म्हणतो, छापा तसंच. अठ्ठेचाळीस, आणि पुढे कोरी जागा."

सेक्रेटरींनी यावर चक्क मान डोलावली. शेवटी मी जुन्या प्रतीतलं ४८ मोठ्याने वाचून दाखवलं: थकबाकीवर दरसाल कमाल २१ टक्के सरळ व्याज. खजिनदार एकदम ताठ झाले. काकांनी कप खाली ठेवला. नोटीस बोर्डावरच्या थकबाकीदारांच्या यादीत काकांचं नाव जवळजवळ छापील मथळ्याचाच भाग झालंय.

"आणि या पानाची आता काढलेली झेरॉक्स पाहा, तिच्यात ते २९ दिसतंय," मी म्हटलं.

"बघा!" काका उठलेच. "आकडाच धड नाही म्हणजे कलम संशयास्पद!"

यात काकांचं एक बरोबर होतं. पुसट झेरॉक्सवर १ आणि ९ यांच्यात फरक उरत नाही. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे अक्षरं हवीतच: "२१ (एकवीस) टक्के". दशांश चिन्ह तर याहून दगाबाज. सिंकिंग फंडासाठी आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरसाल असं आहे. फ्लॅटचा बांधकाम खर्च १० लाख धरला तर वर्षाला २,५०० रुपये होतात. आमच्या मसुद्यात टिंब उडून २५ टक्के झालं होतं, म्हणजे अडीच लाख. पुढे "पाव टक्का" लिहिलेलं असतं तर कोणालाही खटकलं असतं.

शब्दांचं म्हणाल तर कॉम्प्युटर तुम्हाला वाचवत नाही, कारण चुकीचा शब्दही अस्सल मराठी असतो. आमच्याकडे "सभेची गणपती न झाल्यास सभा तहकूब करावी" असं होतं. गणपूर्तीचा गणपती झाला आणि त्यावर लाल रेघ आली नाही. भाडेकरूचा भांडेकरू झाला होता, तो मात्र पकडला गेला. सगळ्यात घातक चूक दिसतच नाही, कारण ती गायब असते: "लेखी परवानगीशिवाय अंतर्गत बदल करता येणार" आणि पान संपलं. "नाही" पुढच्या पानावर यायचं होतं, ते आलंच नाही. म्हणून शेवटच्या फेरीत एकाने जुनी प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने नवीवर बोट ठेवायचं, आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ दोनदा वाचायची.

पुनरुक्तीबाबतही जरा थांबावं. ५ दिवसांची आणि १४ दिवसांची नोटीस पाहून सेक्रेटरी एक कलम खोडायला निघाले होते. पण एक विशेष सभेची आणि दुसरी वार्षिक सर्वसाधारण सभेची, तेव्हा दोन्ही हवीत. ३९ आणि ६३ हे खरं जुळं होतं, पार्किंगचं, आणि तेही एकात चिठ्ठ्या टाकून वाटप, दुसऱ्यात ज्येष्ठतेने. यातलं कुठलं ठेवायचं हे तपासणाऱ्याने ठरवू नये. ते सभेचं काम. मी तेवढंच लिहिलं होतं, आणि त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

क्रमांक सलग करणं सगळ्यात शेवटी, आणि तेही मसुदा कच्चा असेपर्यंतच. एकदा उपनिबंधकांकडे नोंद झाली की खड्डा दिसला तरी बुजवायचा नाही. जुने ठराव, नोटिसा, कोर्टातले कागद जुन्या क्रमांकांवर उभे असतात. आणि नोंदलेल्या उपविधीत बदल म्हणजे सभेची नोटीस, दोन तृतीयांश बहुमताचा ठराव आणि पुन्हा उपनिबंधक. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १३ नुसार नोंदणी होईपर्यंत ती दुरुस्ती लागूच होत नाही. एका "नाही"साठी एवढा प्रपंच.

हे ऐकून कमिटीने ठरवलं की मसुदा आहे तसा मंजूर करावा आणि "किरकोळ टायपिंग" नंतर बघावं. सूचक काका. सभासदांना वाटलेल्या प्रती परत मागवून नव्या छापायला पैसे नाहीत म्हणे. नसतीलच, व्याजाचं कलम गळालंय ना.