एखादं चांगलंसं पुस्तक द्या ना!

वाचनालयात पुस्तक मागायला जाताना एक पथ्य कटाक्षाने पाळावं. आपल्याबद्दल काउंटरपलीकडच्या बाईला काही म्हणजे काही कळू देऊ नये. आपल्याला काय आवडतं, मागे काय वाचलं, किती वाचवतं, कुठल्या भाषेत वाचतो, हे सगळं आपलं खाजगी. बँकेचा पिन सांगतो का आपण कुणाला? मग हे तरी का सांगावं?

काउंटरपलीकडची ती बाई म्हणजे मी. पेठेतलं जुनं वाचनालय आहे, वर्गणी अजून परवडण्यासारखी आहे आणि कपाटं भरलेली आहेत. परवा शनिवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत, एक गृहस्थ दारात आडवी स्कूटर लावून, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून आत आले आणि म्हणाले, "ताई, एखादं चांगलंसं पुस्तक द्या ना." त्यांच्यामुळे हे मार्गदर्शन लिहायला बसले. पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडेल.

तर सुरुवात नेहमी 'चांगलं' या विशेषणाने करावी. त्यामुळे आम्ही वाईट पुस्तकांचं कपाट बाजूला ठेवतो आणि काम सोपं होतं.

कुणासाठी हवंय ते सांगू नये. मी विचारलंच तर "घरात वाचायला" म्हणावं. घरात आजोबांपासून पाचवीतल्या चिरंजीवांपर्यंत सगळे येतात, त्यामुळे उत्तर खोटंही ठरत नाही.

भाषेचा विषय तर अजिबात काढू नये. आपण मराठीत बोलतोय, वाचनालयाची पाटी मराठी आहे, तेव्हा मी मराठी पुस्तकंच काढत बसणार. चांगली सहा-सात काढून होऊ द्यावीत, स्टुलावर चढून वरच्या फळीवरचीही, आणि मग म्हणावं, "नाही, तिला तसं मराठी समजतं, पण वाचायला नाही जमत."

मुलांच्या बाबतीत "हुशार आहे हो, काहीही द्या, चालेल" हे वाक्य पाठ करून ठेवावं. हुशार आहे याबद्दल माझी शंकाच नाही. पण इंग्रजी माध्यमातल्या सातवीतल्या मुलाला घरात ऐकलेलं मराठी सगळं कळतं आणि छापलेलं मराठी तो जोडाक्षरागणिक ठेचकाळत वाचतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच्या हातात वयाप्रमाणे पुस्तक दिलं तर दुसऱ्या पानावर दम लागतो, आणि वाचायला जमेल ते दिलं तर त्यात ससा आणि कासव निघतात, मग त्याचा अपमान होतो. अशा मुलाला मी बहुतेक वेळा फास्टर फेणे देते. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात विद्याभवनात, म्हणजे गावं ओळखीची. त्यातली वाक्यं तोंडात बसणारी आहेत, माणसं सतत बोलत असतात आणि पानापानावर काहीतरी घडतं. पहिला भाग घरच्यांनी मोठ्याने वाचून दाखवला की पुढचं पोरगं स्वतः ओढतं. अर्थात हे द्यायचं तर मला आधी कळायला हवं की मूल अडखळतंय. त्यासाठी मूल सोबत आणावं लागतं, पुस्तकाचं मधलंच एक पान वाचायला लावावं लागतं आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगावं लागतं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक तूर्तास नको. दोन मिनिटांचं काम आहे. पण आपण मुलाला गाडीतच बसवून यावं. पार्किंग मिळत नाही ना!

आता सगळ्यांत महत्त्वाची सूचना. मागे वाचलेलं आणि आवडलेलं पुस्तक चुकूनही सांगू नये. आणि सांगायचंच झालं तर नुसतं नाव सांगावं, का आवडलं ते पोटात ठेवावं.

"मृत्युंजय आवडलं. तसंच काहीतरी द्या." बरं. आता 'तसंच' म्हणजे कसं? अमेरिकेत सिएटलला नॅन्सी पर्ल नावाच्या एक ग्रंथपाल होत्या. त्यांचं म्हणणं असं की वाचक पुस्तकात चार दरवाजांनी शिरतो: गोष्ट, माणसं, परिसर आणि भाषा. कुणाचा कुठला दरवाजा मोठा, ते कळलं की पुढचं पुस्तक सापडतं. आमच्याकडे मृत्युंजय सतत बाहेर असतं आणि ते परत करायला येणारी माणसं ऐकली की बाईंचं म्हणणं पटतं. एकाला कर्णावरचा अन्याय डाचत असतो. त्याला माणूस हवाय, त्याला रणजित देसाईंचं राधेय द्यावं. कर्ण तोच, पण सांगणारा वेगळा. दुसऱ्याला ती दुथडी भरून वाहणारी भाषा हवी असते. त्याला महाभारताशी फारसं देणंघेणं नसतं. तो सावंतांचंच छावा घेऊन सुखाने जातो. तिसऱ्याला मूळ महाभारताचीच ओढ लागलेली असते. आणि इथे खरी गंमत आहे.

कारण या तिसऱ्याला मी इरावती कर्व्यांचं युगांत काढून देते. मृत्युंजय आणि युगांत दोन्ही 1967 सालची, दोन्हींत महाभारत, दोन्हींत कर्ण. यादी करणारा माणूस ती शेजारी-शेजारी ठेवेल. पण इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, डेक्कन कॉलेजातल्या. त्या भक्तिभावाने लिहीत नाहीत, त्या तपासतात. ज्याला महाभारतातली माणसं उलगडून बघायची आहेत तो ते पुस्तक डोक्यावर घेतो. पण ज्याने कर्णासाठी रात्री उशी भिजवलीय, त्याच्या हातात मी तेच ठेवलं तर तो चौथ्या दिवशी संतापून परत आणतो. बाईंनी कर्णाला जराही लाडावलेलं नाही. वाचक चांगला, पुस्तक चांगलं, आणि दोघांचं जमलं नाही, कारण मला सांगितलं होतं फक्त "महाभारतावरचं". तिथे भैरप्पांचं पर्व, उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेलं, ते दिलं असतं तर? त्यात चमत्कार गाळून टाकलेत, माणसं आठवत, कुढत, हिशेब मांडत बसतात. तेही सगळ्यांना रुचत नाही आणि चांगलं जाडजूड आहे. म्हणजे एकाच आवडलेल्या पुस्तकातून चार वाटा फुटल्या, आणि कुठली धरायची ते तुमच्या एका वाक्यावर ठरणार. "मला ना, कर्णासाठी वाईट वाटलं." झालं! एवढंच वाक्य! पण ते बोलायला जड जातं. लक्ष्मी रोडला साडी घेताना हीच मंडळी काठ किती बोटांचा, पोत कसा, कुणाच्या लग्नाला, मागच्या वर्षीची कशी होती आणि ती का नाही आवडली, हे सगळं दुकानदाराला न विचारता ऐकवतात. पुस्तकाच्या बाबतीत मात्र मौनव्रत.

सुचवलेल्या प्रत्येक नावाला "वाचलंय" म्हणावं. आधी सांगू नये.

शनिवारच्या गृहस्थांनी यातलं सगळं केलं. बनगरवाडी काढलं तर "ग्रामीण नको." शाळा काढलं तर "छे, आमची कॉलेजला आहे." तेव्हा कळलं की मुलगी आहे. एक होता कार्व्हर काढलं तर "चरित्र? झोप येते तिला." मागे रांग वाढत होती. एक आजी पुस्तक बदलायला काठी टेकत उभ्या. मग ते मराठी न वाचण्याचं वाक्य आलं. आणि मग, मी इंग्रजी कपाटाची किल्ली शोधत असताना, सहज आठवल्यासारखं, "तिला खून वगैरे आवडतात."

खून वगैरे! हे पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं तर आजी बसल्या असत्या.

मी म्हटलं, फोन लावा तिला. त्यांनी लावला, स्पीकरवर. मुलीने एका दमात सांगितलं: अगाथा ख्रिस्तीचं 'अँड देअर वर नन' नुकतंच वाचलं, फार आवडलं, कारण दहा माणसं बेटावर अडकलेली आणि खुनी त्यांच्यातलाच. रक्तबंबाळ वर्णनं नकोत. परीक्षा आहे, फार लांबलचकही नको. मी फक्त एक विचारलं, गुप्तहेर असला तर चालेल का? कारण त्या पुस्तकात रहस्य उकलणारा कुणी हिंडत नाही, आणि काहींना नेमकं तेच आवडलेलं असतं. ती म्हणाली, चालेल. मग 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' दिलं. बर्फात अडकलेली गाडी, ठरावीक प्रवासी, खुनी त्यांच्यातच. फक्त इथे मिशा पिळत पॉयरो बसलेला. हातातल्या पुस्तकाची नोंद करायला जितका वेळ लागला, तितकाही ते शोधायला लागला नाही. वडील म्हणाले, "बघा, लगेच मिळालं की! उगीच एवढी काढलीत." टेबलावर दहा पुस्तकांची चवड होती. ती परत कपाटात कुणी लावायची?

पुरे झालं हे गोड बोलणं. मनकवडेपणा माझ्या पगारात धरलेला नाही. हजारो पुस्तकं आहेत इथे, आणि तुम्ही तोंड उघडत नाही तोवर ती सगळी सारखीच आहेत. मी प्रश्न विचारते तो तुमची परीक्षा घ्यायला विचारत नाही, तेव्हा "तुम्हीच सांगा, तुम्हाला जास्त कळतं" म्हणून अंगावरची झटकू नका. मला पुस्तकं कळतात. तुम्ही कळत नाही. लाजण्यासारखंही यात काही नाही. नारायण धारपांच्या भुतांशिवाय दुसरं काही चालत नाही असं सांगणारे आमचे सभासद आहेत आणि त्यांना कधी रिकाम्या हाताने जावं लागत नाही, कारण ते तसं सांगतात.

शेवटचं आवडलेलं पुस्तक कुठलं ते सांगा. नाव आठवत नसेल तर गोष्ट सांगा, मुखपृष्ठावर काय होतं ते सांगा. आवडलेलं एकही नसेल तर अर्धवट टाकलेलं सांगा आणि कुठे कंटाळा आला ते सांगा, त्यावरूनही पुष्कळ कळतं. कुणासाठी हवंय, कुठल्या भाषेत, रोज किती वाचवतं, हे फोनवर न बोलता, माझ्याकडे बघून सांगा. आणि हेल्मेट काढा. हे जमत नसेल तर समोरच्या कपाटातून डोळे मिटून काय हाताला लागेल ते उचला, सही करा आणि न्या. फक्त पंधरा दिवसांनी परत आणून टेबलावर आपटताना "काही खास नव्हतं हो तुमचं पुस्तक" हे मला ऐकवू नका.