दोन दिशा, एक रेझ्युमे: एका प्रतिक्रियेला उत्तर

"अध्यापन आणि लेखन एकाच रेझ्युमेत ठेवा, हा आपला सल्ला मला महागात पडला. शाळेला वाटले, हा लेखनाकडे निघून जाईल; संपादकाला वाटले, हा मास्तर हौसेने लिहितो. मग लेखनाची जागा असेल तेव्हा अध्यापन सरळ काढूनच का टाकू नये?"

आपला अनुभव मला अगदीच अनोळखी नाही, आणि मूळ लेखात मांडणीबद्दल मी फार थोडे लिहिले, हा दोष माझाच आहे. तरीही एक दिशा पुसून टाकणे मला पटत नाही. समजा, एखादी व्यक्ती 2014 ते 2019 विज्ञान शिकवत होती, पुढची दोन वर्षे केवळ लेखन केले आणि 2021 पासून ती पुन्हा शाळेत आहे; स्तंभलेखन मात्र 2017 पासून अखंड चालू आहे. शाळेसाठीच्या प्रतीतून लेखन काढले, तर दोन वर्षांची पोकळी उरते आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तिच्यावरच येतो. उलट सगळे तारखांच्या एकाच क्रमाने लिहिले, तर शाळा, स्तंभ, पुन्हा शाळा अशी धरसोड दिसते. बहुधा आपले नेमके येथेच बिनसले असावे.

त्याऐवजी 'अध्यापन अनुभव' आणि 'लेखन व संपादन अनुभव' असे दोन गट करावेत, ज्या जागेसाठी अर्ज आहे तो गट वर घ्यावा आणि दुसरा दोन-तीन ओळींत, पण तारखांसह, खाली ठेवावा. ज्या वर्षांत दोन्ही कामे चालू होती तेथे लेखनापुढे 'शाळेच्या वेळेबाहेर, मानधनावर' असे स्पष्ट लिहिले की निघून जाण्याची शंका बरीचशी विरते. नावाखाली 'शिक्षक आणि लेखक' असे मात्र लिहू नये. वाचणाऱ्याला एकच माणूस नेमायचा असतो.

खरी मेहनत दोन्ही दिशांना जोडणाऱ्या कामावर घ्यावी. वरच्या उदाहरणातील व्यक्तीने आठवीसाठी 24 कृतिपत्रिका तयार केल्या होत्या. शाळेसाठी ती ओळ अशी होईल: 'आठवीच्या तीन तुकड्यांसाठी 24 कृतिपत्रिका तयार केल्या आणि विद्यार्थी जेथे अडले तेथे प्रश्न बदलले.' शैक्षणिक प्रकाशनाच्या संपादकासाठी तेच काम असे लिहावे: 'तेरा-चौदा वर्षांच्या वाचकांसाठी 24 कृतिपत्रिकांचे लेखन केले आणि वर्गातील वापरानंतर संहितेची पुनर्रचना केली.' दोन्ही विधाने खरी आहेत, फक्त शब्दयोजना बदलली आहे. ही ओळ दोन्ही गटांत घालण्याचा मोह होतो (मीही एकदा तसे केले आहे), पण मग एकच काम दोनदा मोजल्यासारखे दिसते. ती वरच्या गटातच ठेवावी.

दोन्ही प्रतींमधील तारखा आणि पदनामे मात्र शब्दशः सारखीच हवीत, कारण आपली ऑनलाइन प्रोफाइल सहसा एकच असते आणि पडताळणी करणारा तीही पाहू शकतो.