१०० टक्के निकाल, पण कशाचे १०० टक्के?

परवा एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलो होतो. मुख्याध्यापकांचं भाषण झालं, मागे स्क्रीनवर दहावीच्या निकालाचे मोठ्ठे आकडे, २०२३ ला ८८ टक्के, २०२४ ला ९४ आणि २०२५ ला थेट १००. टाळ्यांचा कडकडाट, संस्थाचालक खुश, शेजारच्या काकू म्हणाल्या आमच्या नातवाला इथेच टाकायला पाहिजे होतं.

मी स्वतः बरीच वर्षं दहावीला शिकवलंय, बोर्डाचे फॉर्म भरलेत, कॅटलॉग सांभाळलेत, त्यामुळे टक्केवारी ऐकली की माझं डोकं आधी एकच विचारतं, बसले किती? सरांनी तिन्ही वर्षांच्या टक्केवाऱ्या सांगितल्या पण मुलं किती हे एकदाही नाही सांगितलं. मग तिथल्या ओळखीच्या एका शिक्षकांना गाठलं. शाळा ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलून लिहितोय, पण चित्र तेच आहे.

२०२३ ला बसले ६०, पास ५३. २०२४ ला बसले ५०, पास ४७. २०२५ ला बसले ४२ आणि ४२ च्या ४२ पास. टक्केवारी भाषणातलीच, ८८, ९४, १००, सर खोटं काहीच बोलले नाहीत. पण पास झालेली मुलं बघा, ५३ वरून ४७ आणि ४७ वरून ४२!

आता म्हणाल शाळेत मुलंच कमी झाली असतील. मलाही आधी तेच वाटलं, म्हणून ह्याच तीन बॅचेस नववीत आल्या तेव्हा किती होत्या ते विचारलं. ६२, ६१ आणि ६३. म्हणजे येणारी मुलं तेवढीच आहेत. नववीत आलेल्यांपैकी त्याच शाळेतून वेळेत दहावी पास झालेली मुलं धरली तर पहिल्या बॅचचे साधारण ८५ टक्के, दुसरीचे ७७ आणि शेवटच्या बॅचचे ६७. टाळ्या पडल्या त्या वर्षी ६३ पैकी २१ मुलं बोर्डाच्या परीक्षेला त्या शाळेतून बसलीच नाहीत.

ती गेली कुठे? काही खरंच बदली, स्थलांतर वगैरेमुळे जातात, ते प्रत्येक शाळेत होतं. पण पहिल्या बॅचमध्ये अशी फक्त २ होती, दोन वर्षांत २१ होत असतील तर ते आपोआप होत नाही. रस्ते सगळ्या शिक्षकांना माहितीयेत. एक, नववीत नापास करून ठेवायचं, दहावीच्या दारावरची चाळणी ती. दोन, पालकांना बोलावून "ह्याला झेपणार नाही हो, दाखला घेऊन जा". तीन, १७ नंबर फॉर्म. हा फॉर्म मुळात ज्यांची शाळा सुटली त्यांना बाहेरून परीक्षा देता यावी म्हणून आहे, चांगली सोय आहे, पण बोर्ड नियमित आणि खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा धरतं, त्यामुळे कच्च्या मुलाला १७ नंबरला लावलं की त्याचं नापास होणं शाळेच्या खात्यात येत नाही. आणि त्या पोराला वर्ग नाही, सराव परीक्षा नाही, ज्याला शिकवायची सगळ्यात जास्त गरज त्यालाच घरी बसवायचं.

सरांची बाजू पण सांगतो. निकाल नुसत्या शिकवण्याने हलत नाही हे खरंय. २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता तो २०१९ ला ७७.१० वर आला, भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढले हे त्यातलं मोठं कारण, मुलं एका वर्षात काही ढ झाली नव्हती. पण इथे ते कारण चालत नाही, २०२३ ते २५ मध्ये राज्याचा निकाल ९३.८३, ९५.८१, ९४.१० असा थोडा वर थोडा खाली झालाय, सरळ चढत गेलेला नाही. आणि ४२ च्या वर्गात एक मूल म्हणजे जवळजवळ अडीच टक्के, त्यामुळे छोट्या शाळेचे एकदोन टक्के वरखाली झाले तर त्यात कौतुक पण नाही आणि बोंब मारण्यासारखंही नाही.

मुख्याध्यापकांवर एकट्यावर राग काढून उपयोग नाही म्हणा, संस्था मीटिंगमध्ये टक्केच विचारते, फ्लेक्सवर टक्केच छापतात, ऍडमिशनला पालकही टक्केच बघतात. पण ज्या शाळेत खरोखर सुधारणा झाली असेल तिथे बसलेल्यांचा आकडा टिकतो आणि पास होणाऱ्यांचा वाढतो, ६० पैकी ५३ चे ६० पैकी ५७ होतात. असे ५७ मला ४२ पैकी ४२ पेक्षा कितीतरी मोठे वाटतात, टक्केवारीत ते ९५ च दिसले तरी.

तर पुढच्या पालकसभेत कोणीतरी हात वर करून एवढंच विचारा, सर, ही बॅच नववीत आली तेव्हा पटावर किती होती, दहावीला नियमित म्हणून किती बसली, आणि मधल्यांपैकी दाखला किती जणांनी नेला, १७ नंबर कितींचा भरला. हे सगळं ऑफिसमध्ये जनरल रजिस्टर आणि कॅटलॉगमध्ये असतं, क्लार्कला काढायला अर्धा तास पुरतो.