मोकळी जागा फेकली की रकाना कसा सापडणार?

«पीडीएफमधून टेबल काढल्यावर आकडे शेजारच्या रकान्यात सरकतात म्हणून घाबरू नका. pdftotext -layout चालवा, दोन किंवा जास्त स्पेस दिसतील तिथे ओळ तोडा, ज्या ओळीत तुकडे कमी पडतील तिथे शेवटी रिकामे सेल जोडा. सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या झाल्या की डेटा बरोबर.»

हा सल्ला मी आमच्या सोसायटीच्या हिशेबावर वापरून पाहिला आहे आणि त्यापायी एका वर्षाचा ताळेबंद दोनदा करावा लागला. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

आधी तुकडे जोडण्याचं बघू, कारण खरी चूक तिथेच आहे. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सहा रकाने असतात असं धरा: तारीख, तपशील, चेक क्रमांक, नावे, जमा, शिल्लक. आरंभीची शिल्लक 1,22,800 रुपये, आणि पुढच्या तीन ओळी अशा:

```
03/04  मेंटेनन्स ए-302                          4,500.00   1,27,300.00
05/04  लिफ्ट दुरुस्ती       000214  12,000.00              1,15,300.00
07/04  मेंटेनन्स बी-104     000871              4,500.00   1,19,800.00
```

पहिली ओळ स्पेसवर तोडली की चार तुकडे होतात. शेवटी दोन रिकामे सेल जोडले, की 4,500 चेक क्रमांकात जाऊन बसतात आणि शिल्लक «नावे»मध्ये. दुसऱ्या ओळीचे पाच तुकडे होतात. तिथे 12,000 जागच्या जागी राहतात, पण शिल्लक «जमा»मध्ये सरकते. आता तिसरी ओळ पाहा. तिचेही पाचच तुकडे. म्हणजे लिफ्टवाल्याला दिलेले पैसे आणि सभासदाकडून आलेले पैसे, दोन्ही चौथ्या जागी, «नावे»मध्येच पडतात. दोन्ही ओळींची लांबी सारखी, तुकड्यांचा क्रम सारखा, आणि अर्थ मात्र उलटा. रिकामे सेल शेवटी जोडा, मध्ये जोडा, कुठेही जोडा, नुसत्या तुकड्यांच्या संख्येवरून हा फरक ओळखता येणारच नाही. तो फरक फक्त मधल्या मोकळ्या जागेच्या रुंदीत होता आणि ओळ तोडताना आपण नेमकी तीच फेकून दिली.

याचं मूळ पीडीएफच्या रचनेत आहे. तिथे सेल नावाची वस्तू बहुतेक वेळा नसतेच. अमुक अक्षरं पानावर अमुक जागी काढा, एवढीच सूचना असते. रिकाम्या रकान्यासाठी कोणतीच सूचना नसते, त्यामुळे काढणाऱ्या प्रोग्रॅमला तो दिसत नाही.

मग -layout ने ठेवलेल्या स्पेस तरी मोजाव्यात, म्हणजे पन्नासाव्या अक्षरापासून «जमा» असं ठरवावं? छोट्या इंग्रजी स्टेटमेंटवर हे चालून जातं, हे मान्य. पण त्या स्पेस प्रत्येक पानासाठी वेगळ्या बसवल्या जातात. एका पानावरचं पन्नासावं अक्षर पुढच्या पानावर चौपन्नावं होऊ शकतं. देवनागरी तपशील असेल तर आणखी पंचाईत. «दुरुस्ती» हा शब्द डोळ्याला तीन-चार अक्षरांचा दिसतो, संगणक मात्र मात्रा आणि हलन्त वेगळे धरून आठ मोजतो.

खात्रीची खूण म्हणजे पानावरची खरी जागा. pdfplumber मधलं extract_words प्रत्येक शब्दाची डावी कड x0 आणि उजवी कड x1 पॉइंटमध्ये देतं (72 पॉइंट म्हणजे एक इंच). रकमा उजवीकडे जुळवून छापलेल्या असतात, म्हणून 50.00 असो की 1,27,300.00, एका रकान्यातल्या सगळ्या रकमांचा x1 जवळपास एकच येतो. x0 मात्र आकड्याच्या लांबीप्रमाणे हलतो, तो धरू नका. रकान्याच्या मथळ्यावरही विसंबू नका. तो बऱ्याचदा मधोमध छापलेला असतो.

कडा ठरवायला पानावरच्या दोन दशांश स्थळं असलेल्या सगळ्या रकमांचे x1 गोळा करा आणि कोणता आकडा किती वेळा येतो ते मोजा. आमच्या फाइलमध्ये 392, 468 आणि 548 या तीन जागी गर्दी झाली. मग प्रत्येक रकमेला सर्वांत जवळची कड द्यायची:

```python
right = {"debit": 392, "credit": 468, "balance": 548}

def place(word):
    col = min(right, key=lambda k: abs(right[k] - word["x1"]))
    if abs(right[col] - word["x1"]) > 6:
        return None
    return col
```

यातली None ची ओळ काढून टाकू नका. तपशिलात «विलंब शुल्क 50.00» असं लिहिलेलं असलं की तोही आकडा सर्वांत जवळच्या रकान्यात ओढला जातो, सहा पॉइंटची मर्यादा त्याला बाहेर ठेवते. शिलकीला Cr चिकटून छापलेलं असेल तर कड त्या Cr ची येते, तेव्हा आकडा आणि Cr वेगळे करून मोजा. वाकडं स्कॅन झालेलं पान आधी सरळ करावं लागतं, नाहीतर पानाच्या तळाशी कडा सरकलेल्या दिसतात. आणि टेबलाला खऱ्या छापील रेघा असतील तर एवढा खटाटोपही नको: रेघांवरून सेल ओळखणारी पद्धत, जशी Camelot मधली lattice, रिकामा सेल रिकामाच ठेवते.

राहिला शेवटचा दावा, सारख्या लांबीचा. वरच्या तिन्ही चुकीच्या ओळी सहा रकान्यांच्याच होत्या. लांबीने काही सिद्ध होत नाही, हिशेबाने होतं. मागची शिल्लक अधिक जमा वजा नावे बरोबर आजची शिल्लक, हे प्रत्येक ओळीवर चालवा. समजा पहिल्या ओळीतले 4,500 «नावे»मध्ये गेले, तर हिशेबाने शिल्लक 1,18,300 यायला हवी, छापलेली आहे 1,27,300. फरक 9,000. जमा आणि नावे यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी रकमेच्या दुप्पट येतो. म्हणून फरकाला दोनने भागा आणि ती रक्कम त्याच ओळीत आहे का पाहा. सापडली तर रकाना सरकला आहे. फरक संपूर्ण रकमेएवढाच असेल, तर ती रक्कम तिसऱ्याच रकान्यात गेली किंवा गळाली. ताजी नोंद वर छापलेली असेल तर आधी क्रम उलटा करून घ्या.

काही जण म्हणतात, मग शिल्लक वाढली की «जमा» आणि घटली की «नावे», असंच ठरवू, जागा मोजायचीच कशाला? एखादी अडलेली ओळ सोडवायला हे ठीक आहे. पण सगळ्या ओळी शिलकीवरून भरल्या, तर त्याच शिलकीने त्या तपासता येत नाहीत. साक्षीदारच न्यायाधीश होतो. रकाना जागेवरून ठरवा आणि शिल्लक तपासणीसाठी राखून ठेवा.

चेक क्रमांकाची चूक या हिशेबात पकडली जात नाही, कारण तो बेरजेत नसतो. तो रकाना मी वेगळा तपासतो: सहा अंक, स्वल्पविराम नाही, दशांश नाही. आणि जो सेल मुळात रिकामा होता तो रिकामाच ठेवतो, त्यात शून्य भरत नाही. शून्य भरलं की पुढे तो सेल मुळात मोकळा होता की त्यातली रक्कम सरकून गेली, हे शोधायला मागे काहीच उरत नाही.