बेम्बा सुटला म्हणजे लांबचा सेनापती सुटला का?

"सैनिकांनी अत्याचार केले की सेनापती आपोआप दोषी. काँगोतला बंडखोर नेता बेम्बा सुटला, कारण तो दुसऱ्या देशात बसला होता. म्हणजे आता लांबून हुकूम देणारा कोणीही सेनापती सुरक्षित."

'आपोआप' हा शब्द आधी काढून टाका. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीतलं कलम 28 लष्करी सेनापतीविषयी तीन प्रश्न विचारतं. सैनिक खरोखर त्याच्या ताब्यात होते का? गुन्ह्यांची त्याला माहिती होती, किंवा परिस्थिती पाहता असायला हवी होती का? आणि ते रोखायला किंवा दोषींना शिक्षा व्हावी म्हणून त्याने हाती असलेले वाजवी उपाय केले का? तिन्ही सिद्ध करणं सरकारी पक्षाचं काम.

झां-पिएर बेम्बाचा खटला अडला तो तिसऱ्या प्रश्नावर. 2002च्या ऑक्टोबरमध्ये त्याने काँगोतून आपलं सैन्य मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात पाठवलं, तिथले अध्यक्ष पातासे यांच्या मदतीला. त्या सैन्याने खून, बलात्कार, लूटमार केली. ती झालीच नाही, असं अपील खंडपीठानेही म्हटलं नाही. 2016मध्ये त्याला 18 वर्षांची शिक्षा झाली, आणि 8 जून 2018 रोजी अपील खंडपीठाने 3 विरुद्ध 2 मतांनी ती रद्द केली.

बेम्बाचं म्हणणं होतं की चौकशी करा म्हणून आपण तिथल्या पंतप्रधानांना पत्र लिहिलं होतं. परक्या देशात तपास करायला आपल्या हाताशी काय साधनं होती? बहुमताच्या मते कनिष्ठ खंडपीठाने हा मुद्दा नीट तपासलाच नव्हता. उलट, त्याने केलेले उपाय नाव राखण्यासाठी होते म्हणून कमी लेखले. त्याशिवाय, काही घटना आरोपपत्राच्या कक्षेबाहेरच्या निघाल्या.

म्हणजे अंतर मोजलं गेलं ते एवढ्यासाठीच, की त्याला काय करणं शक्य होतं हे ठरावं. सैन्य त्याच्या ताब्यात नव्हतं, असा निर्णय बहुमताने दिलेला नाही. दोन भिन्नमत न्यायाधीशांना तर शिक्षा कायम ठेवायची होती. मला त्यांचं म्हणणं अधिक पटतं: रेडिओ आणि सॅटेलाइट फोनवर जो माणूस सैन्याशी बोलू शकतो, तो चौकशीसाठीही तीच साधनं वापरू शकला असता.

आता राहिला 'हुकूम'. इथे तर कलमच बदलतं. गुन्ह्याचा हुकूम देणारा कलम 25खाली येतो. तिथे उपाय केले की नाही हा प्रश्नच उरत नाही, आणि तो किती किलोमीटरवर होता यानेही फरक पडत नाही. बेम्बावर सरकारी वकिलांनी सुरुवातीला सहगुन्हेगार म्हणून कलम 25च लावलं होतं. 2009मध्ये पूर्वसुनावणी खंडपीठाने, पुरावा कलम 28कडे झुकतो, त्याचा विचार करा, असं सुचवलं आणि जूनमध्ये आरोप निश्चित झाले ते त्याच कलमाखाली. त्याने गुन्ह्यांचा हुकूम दिला, हा आरोप त्या खटल्यात उरलाच नव्हता.