कर्ज फिटलं, कपात चालू

मार्चच्या पगारात माझ्या सोसायटीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेला. एप्रिलची पगारपावती उघडली, तर कपातीच्या रकान्यात ‘सोसायटी 7,500’ पूर्वीइतकेच निवांत बसलेले.

पगारबिल करणाऱ्या मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, “सोसायटीचं पत्र येईल तसं आम्ही कापतो. त्यांनी बंद करा म्हटलं की बंद.” सोसायटीत गेलो. सचिव म्हणाले, “कापतं तुमचं ऑफिस, आम्ही फक्त जमा करून घेतो.” म्हणजे माझ्या खिशात दोघांचे हात, पण हात कोणाचाच नाही!

मी पासबुकातली ‘बाकी निरंक’ ही ओळ मॅडमना दाखवली. त्यांनी ती कौतुकाने वाचली, अभिनंदनही केलं. पण त्यांना हवं होतं सोसायटीचं पत्र, जावक क्रमांकासह. कायदाही त्यांच्याच बाजूने निघाला. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम 49 सांगतं की, सगळं येणं फिटलं असं संस्था कळवत नाही तोवर मालकाने करारानुसार कपात करत राहावी. आपण कर्ज फेडलं म्हणून कपात थांबत नाही, सोसायटीने तसं कळवलं की थांबते. नवऱ्यामुलाचं मत विचारायची पद्धत नसलेल्या घरातलं लग्नच ते.

वैतागून मी ‘माझी सोसायटीची कपात बंद करावी’ असा अर्ज खरडला. मॅडमनीच तो परत केला. भल्या बाई. “साडेसात हजारांत एक हजार वर्गणी आहे. सगळंच बंद केलं तर तुम्ही वर्गणीचे थकबाकीदार व्हाल.” मग सचिवांसमोर बसून पत्राचा मजकूर मीच सांगितला: ‘सदर सभासदाचे कर्ज निरंक झाले असून, माहे जूनपासून कर्जहप्ता 6,500 ची कपात बंद करून फक्त मासिक वर्गणी 1,000 कपात करावी.’ जूनपासून, कारण मेचं बिल तोवर कोषागारात पोचलं होतं, आणि गेलेलं बिल आणि सुटलेली एसटी यांना हात करून उपयोग नसतो. पत्राच्या प्रतीवर मी आवक शिक्का मारून घेतला. तो नसता, तर पत्र आलंच नाही हे पुढच्या महिन्यात मला शांतपणे ऐकवलं गेलं असतं.

जूनच्या पावतीत खरोखर 1,000 आले. राहिले एप्रिल-मेचे जादा 13,000.

“ते अनामत खात्यात सुरक्षित आहेत,” सचिव म्हणाले.

“व्याज?”

“अनामतीवर कसलं व्याज? परताव्याचा अर्ज द्या, संचालक मंडळाच्या सभेत ठेवू.”

“सभा कधी?”

“कोरम झाला की.” मग खण उघडून त्यांनी एक कोरा फॉर्म पुढे सरकवला. “पैशांची इतकी निकड असेल तर तातडीचं कर्ज घ्या की. ते मी आजच देतो.”