फ्रीजरमधला जाड बर्फ आणि हीटरचं बिल

फ्रीज घेणाऱ्यांसाठी एक मेसेज फिरतोय: "फ्रीज घ्यायचा तर डायरेक्ट कूलच घ्या. फ्रॉस्ट फ्रीमध्ये हीटर असतो, बिल दुप्पट येतं. डायरेक्ट कूलमध्ये बर्फ जाड जमतो, म्हणजे कूलिंग दणदणीत आहे. फारच झाला तर सुरीनं खरवडायचा, पाच मिनिटांचं काम."

हीटर असतो, हे खरं आहे. फ्रॉस्ट फ्रीमध्ये गार होणारी कॉइल फ्रीजरच्या मागच्या पॅनलआड असते, पंखा तिथली थंड हवा दोन्ही कप्प्यांत फिरवतो आणि कॉइलवर साचलेला बर्फ वितळवायला हीटर अधूनमधून चालू होतो. अधूनमधूनच, दिवसभर नाही. हिशेब करून बघा. १६० वॉटचा हीटर दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं चालला, तर रोजचं साधारण ०.१ युनिट, म्हणजे वर्षाचे चाळीसच्या आसपास युनिट होतात. हीटरनं आत सोडलेली ऊब बाहेर काढायला कॉम्प्रेसर थोडा जास्त चालतो, त्याचे पंधराएक युनिट धरा. चार वॉटचा पंखा रोज बारा तास फिरला तर त्याचे सतरा-अठरा. सगळं मिळून वर्षाला सत्तर-पंचाहत्तर युनिट. युनिटला १० रुपये धरले, तर महिन्याला साठ रुपयांच्या आसपास. हा फरक आहे, पण बिल दुप्पट करणारा नाही.

मग दुप्पट बिलाचं बोलणं येतं कुठून? बहुतेक घरांत १९० लिटरचा डायरेक्ट कूल सिंगल डोअर जातो आणि त्याच्या जागी ३०० लिटरचा फ्रॉस्ट फ्री डबल डोअर येतो. वाढलेल्या आकाराचं बिल मग फ्रॉस्ट फ्रीच्या नावावर पडतं. दुसरी फसगत स्टारची. वीजबचतीचे स्टार देणाऱ्या बीईई या सरकारी संस्थेच्या लेबलवर डायरेक्ट कूल आणि फ्रॉस्ट फ्री यांचे स्टार वेगवेगळ्या निकषांवर ठरतात. एकाचे तीन स्टार म्हणजे दुसऱ्याचेही तेच तीन, असं नसतं. दुकानात उभं राहून स्टार मोजू नका, लेबलवरचा 'वर्षाला इतके युनिट' हा आकडा वाचा आणि शेजारी लिटर बघा.

आता बर्फाचं. या मेसेजमधली सगळ्यात नुकसान करणारी ओळ ही आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

डायरेक्ट कूल सिंगल डोअरमध्ये फ्रीजरचा ॲल्युमिनियमचा डबा हीच गार होणारी कॉइल. गॅस त्याच्या पत्र्यातल्या नळ्यांतून फिरतो. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातली वाफ या पत्र्यावर गोठते. हा बर्फ भुसभुशीत असतो, त्यात हवा अडकलेली असते. त्यामुळे तो पत्र्यावर गोधडीसारखा बसतो आणि थंडी बाहेर येऊ देत नाही. खालच्या कप्प्यात पंखा नाही, वरून उतरणारी गार हवा हाच काय तो आधार, आणि तीच कमी होते. शिवाय थर्मोस्टॅटची नळी बहुतेक मॉडेलमध्ये याच डब्याला चिकटवलेली असते. बर्फाखालचा पत्रा पटकन गार होतो, थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं, आणि तो कॉम्प्रेसर बंद करतो. खाली दूध मात्र कोमटच राहतं.

दुरुस्तीला गेलं की पावसाळ्यात हे हमखास दिसतं. पुण्यात धनकवडीतल्या एका घरी काकू म्हणाल्या, "वर बघा किती बर्फ आहे, आणि दूध दुसऱ्या दिवशी नासतंय. गॅस कमी झालाय का?" गॅस ठीक होता. वर बोटाच्या दोन पेरांएवढा बर्फ होता. दूध नासतंय म्हणून त्यांनी नॉब तीनवरून पाचवर नेला होता. नॉब वाढवला की पत्रा आणखी गार होतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, बर्फ आणखी जाड होतो आणि खालचा कप्पा पुन्हा तसाच. बिल वाढतं ते इथे. दाराच्या रबरात कागद धरून दार लावलं, तर बिजागरीकडच्या कोपऱ्यात तो सहज सरकत बाहेर आला. दमट हवा दिवसरात्र तिथूनच शिरत होती. बर्फ काढला, रबर बदललं, नॉब परत तीनवर आणला, आणि दूध टिकायला लागलं.

बर्फाचा ट्रे डायरेक्ट कूलमध्ये लवकर गोठतो, हे मान्य. तो थेट गार पत्र्यावर टेकलेला असतो. पण फ्रीजर किती थंड राहतो, हा प्रश्न वेगळा. फ्रीजरच्या दारावर छोट्या चांदण्या असल्या तर त्या बघा: एक म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. या चांदण्यांचा बीईईच्या स्टारशी संबंध नाही. हिवाळ्यात स्वस्त मिळालेले मटार सोलून उन्हाळ्यापर्यंत ठेवायचे असतील, तर उणे १८ लागतं, आणि ते फ्रॉस्ट फ्रीच्या वेगळ्या फ्रीजरमध्ये सहसा मिळतं. उलट फिरत्या हवेनं उघडी कोथिंबीर तिथे लवकर सुकते, ती डब्यातच ठेवावी लागते.

सुरी तर कृपा करून लावू नका. त्या पत्र्यात नळ्या किती वर आहेत, ते हाताला कळत नाही. टोक लागलं की फुस्स आवाज येतो आणि गॅस जातो. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६०० ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेतो. असं झालंच तर खिडक्या उघडा, जवळ गॅस किंवा काडी पेटवू नका, फ्रीजच्या बटणालाही हात लावू नका आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा. पुष्कळदा अख्खा डबाच बदलावा लागतो.

डीफ्रॉस्टची रीत साधी आहे. बर्फ अर्धा सेंटीमीटर झाला की वेळ झाली. फ्रीजर रिकामा करून नॉबच्या मधलं बटण दाबा. कॉम्प्रेसर थांबतो आणि डबा शून्याच्या वर काही अंश गेला की आपोआप परत सुरू होतो. पण दोन पेरं बर्फ असेल, तर बटणाच्या भरवशावर राहू नका. प्लग काढा, दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा, खाली जुना टॉवेल अंथरा. फ्रीजरखालचा ट्रे मधेमधे रिकामा करा, नाहीतर पाणी भाजीवर सांडतं. तीन-चार तास जातात. नंतर आतून कोरडं पुसा, नाहीतर राहिलेलं पाणीच पुन्हा गोठतं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार असं कळलं, तर हे काम त्याच दिवशी उरकता येतं. मार्च ते मेमध्ये इथली हवा कोरडी असते, बर्फ हळू जमतो. जुलै-ऑगस्टमध्ये दर दोन-तीन आठवड्यांनी डोकावून बघा.

फ्रॉस्ट फ्री घेतला म्हणजे बर्फाची कटकट कायमची मिटली, असंही नाही. हीटर किंवा त्याचा सेन्सर गेला की पॅनलआडची कॉइल बर्फानं गच्च होते आणि पंख्याची हवा अडते. वर आइस्क्रीम टणक, खाली दही आंबट, आणि कधी पंख्याचं पातं बर्फाला घासल्याचा खरखर आवाज, अशी त्याची खूण. अशा वेळी फ्रीज रिकामा करा, प्लग काढा आणि चोवीस तास दार उघडं ठेवा. नंतर चार-पाच दिवस व्यवस्थित चालून पुन्हा तेच झालं, तर बिघाड डीफ्रॉस्टच्या भागातच असण्याची शक्यता दाट. दुरुस्तीवाल्यानं काही न तपासता गॅस भरायचं काढलं, तर त्याला आधी पॅनल उघडून कॉइल दाखवायला सांगा.